नाइट शिफ्टच्या मुलाखतीला जाण्याआधी कॅब, समिती आणि आतली माणसं कशी तपासायची

माझी मावसबहीण लातूरची. बी.कॉम. झालं, थोडं इंग्रजी बोलता येतं, म्हणून पुण्यात मेडिकल बिलिंगच्या नोकऱ्या शोधत होती. खराडीतल्या एका कंपनीचा फोन आला: काम अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना फोन करून हॉस्पिटलची अडकलेली बिलं सोडवायचं, शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, पगाराशिवाय नाइट अलाउन्स. पुढच्या फेरीला बोलावलं होतं. घरच्यांनी मला विचारलं, "तू एवढी वर्षं नाइटला आहेस, कंपनी सेफ आहे का ते सांग." मी स्वतः अशाच प्रोसेसमध्ये फ्लोअरवर काम केलंय, आता दिवसपाळीला आहे. तरी "सेफ आहे का" याचं उत्तर मला देता येत नाही. एचआरलाही देता येत नाही, ते फक्त "हो" म्हणतात. म्हणून आम्ही त्या प्रश्नाचे लहान तुकडे केले आणि मुलाखतीला जायचं की नाही हे त्यावर ठरवलं.

सुरुवात कॅबपासून केली, कारण तिथे खोटं लवकर उघडं पडतं.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची सोय करून तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची असते. दारापर्यंत, हा शब्द महत्त्वाचा. बऱ्याच कंपन्यांत "नोडल ड्रॉप" नावाचा प्रकार असतो, म्हणजे कॅब मोठ्या चौकात सोडते आणि पुढे तुम्ही तुमचं बघा. दिवसा ते चालतं. पहाटे चार वाजता सिंहगड रोडच्या चौकातून धायरीच्या आतल्या गल्लीत चालत जायचं, हे चालत नाही. बहीण माझ्याकडे धायरीलाच राहणार होती. खराडीहून ते अंतर वीसेक किलोमीटर, आणि कॅबचा रूट लावताना साधारणपणे जवळची माणसं आधी उतरवतात. म्हणजे हडपसर, स्वारगेट, सिंहगड रोड करत गाडीत शेवटी उरणार ती.

यासाठीच चांगल्या ठिकाणी नियम असतो की शेवटचा उतरणारा आणि पहिला चढणारा पुरुष सहकारी असावा, नाहीतर गाडीत गार्ड असावा. कागदावर हा नियम जवळपास सगळ्यांकडे आहे. अडचण हिशोबाची असते. छोट्या गाडीत ड्रायव्हर सोडून चार जणांची जागा, त्यातली एक गार्डने अडवली की तीनच उरतात. मग गाड्या पुरवणाऱ्या व्हेंडरला गाड्या जास्त लावाव्या लागतात आणि कंपनीला पैसे. त्यामुळे गार्ड ट्रिपशीटवर सही करतो आणि अर्ध्या वाटेत उतरतो, किंवा चढतच नाही. म्हणून "गार्ड असतो का" असं विचारू नका. "काल रात्री सगळ्यात शेवटी कोण उतरलं आणि तेव्हा गार्ड गाडीत होता का" असं विचारा.

अजून एक गोष्ट नवीन मुलींना कोणी सांगत नाही. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा इथली शिफ्ट एक तास पुढे सरकते. साडेतीनला सुटणारी माणसं मार्चपर्यंत साडेचारला सुटतात. जूनमध्ये जे ऐकलं तेच डिसेंबरात लागू असेल असं धरू नका. शिवाय साडेसहाची शिफ्ट असेल तर जातानाची गाडी बहुतेक मिळत नाही, फक्त येतानाची मिळते. साडेचार वाजता धायरीहून खराडीला पीएमपीने जायचं म्हणजे शिफ्टच्या आधीच दीड-दोन तास गेले, तेही पगाराच्या हिशोबात धरा.

जातानाची गाडी मिळत असेल तर येतानाच्या गाडीइतकीच तिचीही काळजी घ्या. 2007 मध्ये पुण्यात एका बीपीओतल्या मुलीला कंपनीने ठेवलेल्या कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने ठार मारलं. ती रात्रपाळीला निघाली होती. गाडी कंपनीची होती, पण गाडीतला दुसरा माणूस कंपनीने पाठवलेला नव्हता. म्हणून माझा नियम साधा आहे: ॲपवर आलेला नंबर आणि समोरची गाडी जुळत नसेल, किंवा ड्रायव्हरसोबत अनोळखी माणूस बसलेला असेल, तर चढायचं नाही, शिफ्ट चुकली तर चुकू दे. नोकरी धरण्याआधी हे विचारून घ्या की असं झालं तर ट्रान्सपोर्ट डेस्क दुसरी गाडी पाठवतो की हजेरी कापतो. जमलं तर शिफ्ट भरायच्या वेळी एकदा गेटसमोर चहा प्यायला जा. नेमाने लागणाऱ्या गाड्यांची पाटी पिवळी असते. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या रांगेत दिसल्या तर व्हेंडर महिनाअखेरीला किंवा पावसात कुठूनही गाडी उचलून आणतोय, असं समजा.

आता समिती. कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची, स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार. समितीचा आदेश दर्शनी जागी लावणंही बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी तो पॅन्ट्रीत किंवा लिफ्टजवळ असतो, आणि मुलाखतीला आलेल्या मुलीला तो सहज वाचता येतो. वाचताना तारीख बघा, कारण सदस्याची मुदत तीन वर्षांहून जास्त असू शकत नाही. मग अध्यक्ष बाईंचं नाव लिंक्डइनवर टाकून बघा. त्या वर्षभरापूर्वीच दुसरीकडे गेलेल्या असतील तर समिती भिंतीवर आहे, ऑफिसात नाही. आणि पत्ता बेंगळुरू किंवा मुंबईच्या मुख्य कार्यालयाचा असेल तर तेही पुरेसं नाही, कायदा प्रत्येक शाखेत समिती मागतो.

अशा उणिवा अपवादाने सापडतात असं मानू नका. मे 2023 मध्ये गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एका वर्तमानपत्राच्या पाहणीचा दाखला दिला होता: देशातल्या 30 क्रीडा महासंघांपैकी 16 जणांनी ही समितीच नेमलेली नव्हती. तिथे ही गत, तर खराडीतल्या सहाव्या मजल्यावर काय असेल.

एचआरला आम्ही मेलवर ड्रॉप आणि गार्डची सोय विचारली, समितीच्या आदेशाची प्रत मागितली, आणि तक्रारीबद्दल दोनच प्रश्न पाठवले. पहिला: कॅबमध्ये ड्रायव्हर किंवा सहकाऱ्याने काही केलं तर तक्रार कुठे करायची? कायद्यात मालकाने दिलेलं वाहन कामाच्या ठिकाणातच धरलंय, म्हणजे उत्तर "अंतर्गत समिती" असंच हवं. "ट्रान्सपोर्ट डेस्कला कळवा" असं उत्तर आलं तर समितीच्या प्रशिक्षणात कोणी बसलेलं नाही हे उघड आहे. दुसरा: तक्रार टीम लीडरविरुद्ध असेल तर चौकशी चालू असताना शिफ्ट कोणाची बदलते? चौकशी संपवायला 90 दिवसांची मुदत असते. तेवढे दिवस त्याच रांगेत, त्याच माणसाच्या हाताखाली बसणं म्हणजे काय, हे नाइटच्या माणसाला वेगळं सांगायला नको. समिती दोघांपैकी कोणाचीही बदली सुचवू शकते, बाईला तीन महिन्यांपर्यंत रजा देऊ शकते. पण प्रत्यक्षात बाईलाच दिवसपाळीत टाकतात, आणि तिचा नाइट अलाउन्स जातो. हे कोणी शिक्षा म्हणून करत नाही, "तिच्या सोयीसाठी" करतात. म्हणून हा प्रश्न आधीच विचारायचा.

कंपनी शेअर बाजारातली मोठी असेल तर तिच्या वार्षिक अहवालात लैंगिक छळाच्या तक्रारींचा आकडा मिळतो. हजारो बायका काम करतात आणि वर्षानुवर्षं आकडा शून्य, तर मला ते चांगलं लक्षण वाटत नाही. काही तक्रारी आल्या आणि निकाली निघाल्या, अशी कंपनी मी पसंत करीन. बहिणीची कंपनी छोटी, तिथे हा मार्ग नव्हता.

राहिली आतली माणसं. ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना मी आधी शहर आणि विभाग बघते. एकाच आठवड्यात पाच तारे आणि त्याच चार वाक्यांची स्तुती आली असेल, तर ती बहुतेक एचआरच्या सांगण्यावरून लिहिलेली असते. खरी माहिती गेल्या वर्षात नोकरी सोडलेल्या बायकांकडे असते. लिंक्डइनवर तशा दोघी सापडल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. बहिणीने लिहिलं, "ताई, मला तुमच्या आधीच्या कंपनीतून बोलावणं आलंय. कोणाची तक्रार विचारत नाहीये, फक्त रात्री घरी कशी पोचायचात तेवढं सांगाल का?" एवढंच विचारावं. कोणी तक्रार केली, कोणाविरुद्ध केली हे विचारू नये. ते गोपनीय ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि सांगणारी अडचणीत येते.

पहिलीने कळवलं, "गार्ड असतो गं, काळजी नको." ती विमाननगरची, पहिल्याच वळणावर उतरणारी. दुसरी वारजेची. तिचं उत्तर लांब होतं: "गार्ड असायचा, पण स्वारगेटला उतरायचा, कारण त्याला तिथून पहिली बस मिळायची. पुढे मी एकटी. एकदा विचारलं तर लीड म्हणाला, ॲडजस्ट कर, सगळ्याच करतात." दोघीही खरं सांगत होत्या. म्हणून विचारायचं असेल तर तुमच्याच दिशेला राहणाऱ्या बाईला विचारा. जवळ राहणारीचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही.

एचआरचा मेल तीन दिवसांनी आला. दारापर्यंत ड्रॉप "शक्य असेल तेव्हा" मिळेल, कॅबच्या तक्रारी ट्रान्सपोर्ट डेस्ककडे, दुसऱ्या प्रश्नाला "असे प्रकार आमच्याकडे होत नाहीत". समितीच्या आदेशाची प्रत मागितली होती, ती जोडली नव्हती. बहिणीने मुलाखत रद्द केल्याचं दोन ओळींत कळवलं, आणि तोच मेल मगरपट्ट्यातल्या दुसऱ्या कंपनीला पाठवला. तिथून समितीचा आदेश त्याच संध्याकाळी आला, बाहेरच्या सदस्याच्या संस्थेच्या नावासकट. धायरीच्या रूटवर सध्या पुरुष सहकारी कोणी नाही, म्हणून गार्ड शेवटपर्यंत येईल, असंही त्यांनी लिहून दिलं. पगार पहिल्यापेक्षा थोडा कमी आहे. ती तिथे मुलाखतीला जातेय, आणि तो मेल मी तिला प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवायला सांगितलाय, उद्या व्हेंडर बदलला तर दाखवायला.