ट्रायाज लॉगमध्ये जुना रंग खोडू नका: या चुका टाळा

समजा, पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर संध्याकाळी बस आणि ट्रकचा अपघात झाला आहे. ट्रायाजमध्ये, म्हणजे कुणाला आधी उपचार हवेत ते ठरवताना, 18 जखमींना रंगीत टॅग लागले: 4 लाल म्हणजे तातडीचे, 6 पिवळे म्हणजे थोडं थांबू शकणारे, 8 हिरवे म्हणजे किरकोळ जखमी. टॅग 014 चा जखमी पिवळा आहे. 19:42 ला त्याचा श्वास मिनिटाला 24, मनगटाची नाडी लागते, सांगितलेलं ऐकतो. 19:58 ला पुन्हा पाहिलं तर श्वास 34. जखमींची झटपट वर्गवारी करणाऱ्या स्टार्ट पद्धतीत 30 च्या वर श्वास गेला की जखमी लाल.

इथेच सर्वांत जास्त घडणारी चूक होते. लिहिणारा ‘पिवळा’ खोडून त्याच ओळीत ‘लाल’ लिहितो, वेळ मात्र 19:42 च राहते. मग लॉग वाचणाऱ्याला वाटतं, लाल जखमी 19:42 पासून तसाच पडून होता. सोळा मिनिटांत तो खालावला, ही डॉक्टरला सर्वांत उपयोगी पडणारी माहितीच पुसली जाते. म्हणून प्रत्येक तपासणीला नवी ओळ घ्या: वेळ, टॅग क्रमांक, रंग, श्वास, नाडी, तपासणाऱ्याची सही. जुन्या ओळीला हात लावू नका.

नवी ओळ म्हणजे नवा टॅग क्रमांक नव्हे. रंग बदलताना दुसरं कार्ड बांधलं, तरी क्रमांक 014 च ठेवा. नाहीतर एकूण आकडा 19 होतो आणि अंधारात नसलेल्या एकोणिसाव्या जखमीचा शोध सुरू होतो. मोजताना ओळी मोजू नका, प्रत्येक टॅगची शेवटची ओळ धरा. आता 5 लाल, 5 पिवळे, 8 हिरवे. बेरीज 18 च. ती जुळली की मगच 108 च्या समन्वयकाला आकडा कळवा.

पुनर्तपासणीत काही बदललं नसेल तर रकाना मोकळा सोडणं किंवा वरच्यासारखं म्हणून दोन टिंबं देणं धोक्याचं. मोकळ्या रकान्याचा अर्थ एकच असावा: कुणी पाहिलेलं नाही. बदल नसला तरी रंग आणि श्वासाचा आकडा पुन्हा लिहा. हिरव्यांच्या बाबतीत हे हमखास राहून जातं, कारण ते चालत असतात, बोलत असतात. पोटातला रक्तस्राव मात्र उशिरा दिसतो.

सगळ्या वेळा 19:40, 19:45, 19:50 अशा पाचाच्या पटीत दिसल्या तर त्या बहुधा नंतर आठवून लिहिल्या आहेत. एकच घड्याळ ठरवा, चोवीस तासांची पद्धत वापरा आणि ओळीची सुरुवात वेळेनेच करा. श्वास नसलेल्याला लागणाऱ्या काळ्या टॅगपुढची वेळ ही तपासणीची वेळ असते. तिला मृत्यूची वेळ म्हणून पुढे पाठवू नका, मृत्यू डॉक्टर घोषित करतात.

टॅगची शेवटची ओळ निघण्याची: वेळ, त्या क्षणाचा रंग, रुग्णवाहिकेचा नंबर, ससून की दुसरं रुग्णालय. ती ओळ लिहिल्याशिवाय गाडीचं दार लावू देऊ नका. अपवाद फक्त लाल जखमीचा: त्याची गाडी या ओळीसाठी थांबवून ठेवू नका, नंबर टिपा आणि रुग्णालयाचं नाव वायरलेसवर विचारून लगेच भरा.