‘भेटवस्तू नको’ लिहूनही खोकी येतात? निमंत्रणातल्या या चुका टाळा

मुलांच्या वाढदिवसाच्या निमंत्रणात सर्रास दिसणारा मजकूर असा असतो: ‘भेटवस्तूची आवश्यकता नाही, आपली उपस्थिती हीच भेट. तरी काही द्यायचंच असेल, तर वस्तूऐवजी अनुभव द्यावा.’ मग होतं काय, तर निम्मे पाहुणे खोकी घेऊन येतात आणि रिकाम्या हातांनी आलेले दारातच ओशाळतात.

पाहुण्यांचं इथे काही चुकत नाही. ‘आवश्यकता नाही’ याचा अर्थ आणली तरी चालेल, असाच लावला जातो. ‘तरी द्यायचंच असेल’ म्हटलं की उरलासुरला नकारही संपतो. शिवाय ‘अनुभव’ म्हणजे नेमकं काय, हे ज्याला कळत नाही तो सरळ खेळणं उचलतो.

माझं मत असं की दोन्ही गोष्टी एका निमंत्रणात मागूच नयेत. वर्गातल्या मित्रमैत्रिणींच्या पालकांची आपली फारशी ओळख नसते. आपल्या मुलीला कुठे न्यावं, कोणत्या दिवशी, किती खर्च करावा, हे त्यांच्यावर टाकणं बरं नाही. त्यांना एवढंच लिहा:

‘शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ लेकीचा सहावा वाढदिवस आहे. नक्की या. कोणाकडूनच भेटवस्तू घ्यायची नाही असं आम्ही ठरवलं आहे, त्यामुळे कृपया काही आणू नका.’

‘कोणाकडूनच’ हा शब्द गाळू नका. इतर जण आणतील आणि आपणच उघडे पडू, ही पाहुण्यांची खरी धास्ती असते आणि ती याच शब्दाने जाते. ही ओळ दिवस, वेळ सांगून झाल्यावर शेवटी यावी. ‘घरात खेळण्यांचा ढीग झालाय’ असं कारण मात्र देऊ नका. गेल्या वर्षी प्रेमाने खेळणं दिलेल्यांना ते लागतं.

अनुभवाची भेट आजी-आजोबा, मावशी, काका अशा जवळच्यांकडे मागावी, तीही वेगळ्या निरोपातून आणि नाव घेऊन: ‘मावशी, तिला तुझ्याबरोबर प्राणिसंग्रहालयात जायचंय. भेट म्हणून तिला एक दिवस देशील? वार तुझ्या सोयीने ठरवू.’ सोबत कोण जाणार हे यात स्पष्ट आहे. नुसतं तिकीट मागितलं, तर बरोबरच्या मोठ्या माणसाचं तिकीट कोणी काढायचं हा प्रश्न उरतो. कधीकधी मुदत संपून ते वाया जातं, नाहीतर मूल वयाच्या अटीत बसत नाही.

‘खरंच काही नको?’ असा फोन आला, तर आई आणि बाबा दोघांनीही तेच उत्तर द्यावं. एकाने ‘छोटंसं चालेल’ म्हटलं की ते सगळ्या पालकांपर्यंत पोचतं. तरीही कोणी काही आणलंच, तर परत करू नका. आभार मानून ते आतल्या खोलीत ठेवा आणि सगळे गेल्यावरच उघडा.