कंपनीचा हिशेब वाचण्याआधी त्यावरची तारीख वाचा

मोठा व्यवहार करण्याआधी समोरच्या कंपनीचा नफा-तोटा सगळेच पाहतात. तो ताळेबंद सरकारी नोंदवहीत कधी दाखल झाला, हे मात्र फार थोडे लोक बघतात.

सुरुवात नोंदणी क्रमांकापासून करा. नुसत्या नावाने शोधलं तर मिळत्याजुळत्या नावाची भलतीच कंपनी हाती लागते. मग कागदावर तीन रकाने आखा: वर्षअखेर, मुदत आणि प्रत्यक्ष दाखल केल्याची तारीख. मुदत त्या-त्या देशाच्या कायद्याप्रमाणे ठरते. ब्रिटनमध्ये खासगी कंपनीला ताळेबंदासाठी वर्षअखेरीपासून साधारण 9 महिने मिळतात आणि दाखल कागदांची यादी कंपनीज हाऊसच्या संकेतस्थळावर फुकट दिसते.

आता ब्रिटनमधल्या एका काल्पनिक कंपनीचे रकाने भरू. वर्षअखेर 31 मार्च, म्हणजे मुदत 31 डिसेंबर. 2022चा ताळेबंद 20 डिसेंबरला आला, 11 दिवस आधी. 2023चा आला 9 फेब्रुवारी 2024 रोजी, 40 दिवस उशिरा. 2024चा 28 मार्च 2025ला आला, पण नोंदीत तो वेळेवर दिसतो! कारण 28 डिसेंबरला कंपनीने वर्षअखेर एक दिवस अलीकडे आणून 30 मार्च केली होती. तिथे हिशेबाचा काळ असा कमी केला की त्या सूचनेपासून 3 महिन्यांची नवी मुदत मिळते. हे कायदेशीर आहे, पण मूळ मुदतीने मोजलं तर 87 दिवस झाले. म्हणून वर्षअखेर बदलल्याची नोंद दिसली की जुन्या तारखेनेही मोजून बघा. माझ्या मते एका मोठ्या उशिरापेक्षा दरवर्षी वाढत जाणारा उशीर जास्त बोलका असतो. त्याच सुमारास लेखापरीक्षकानेही राजीनामा दिला असेल, तर आणखी सावध व्हा.

2020च्या आसपासच्या उशिरावरून लगेच मत बनवू नका. महामारीत भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे मुदती वाढवल्या होत्या.

यानंतर थकबाकीदारांची यादी. इथे ‘थकलेले’ म्हणजे पैसे नव्हे, दाखल न केलेले कागद. भारतात सलग 3 वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र दिलं नाही, तर त्या कंपनीचे संचालक 5 वर्षांसाठी अपात्र ठरतात. म्हणून संचालकांची नावंही तपासा, त्यांच्या दुसऱ्या कंपन्यांसकट. पण यादी म्हणजे निकाल नव्हे. 2017मध्ये अशा याद्या जाहीर झाल्यावर बरेच संचालक उच्च न्यायालयात गेले आणि अनेकांना दिलासाही मिळाला. यादी कोणत्या तारखेची आहे आणि कागद नंतर भरले गेले का, हे मूळ नोंदीत ताडून बघा.

शेवटी रकाने समोर ठेवून कंपनीलाच कारण विचारा. ‘लेखापरीक्षण रखडलं’ असं उत्तर आलं तर ते कशावरून रखडलं, हेही विचारा. येणं बाकीवरून किंवा मालाच्या किमतीवरून वाद असेल, तर तुमचा व्यवहार उधारीवर ठेवू नका.