साडीचे पैसे परत देता येत नाहीत, हे ईमेलमध्ये कसं लिहावं

बेळगावात शहापूरला आमचं साड्यांचं दुकान आहे, आणि आता निम्म्या साड्या कुरिअरने जातात. परवा पुण्याच्या एका ताईंचा ईमेल आला. ३,८०० रुपयांची साडी २ तारखेला पोचली होती, १४ तारखेला त्यांनी लिहिलं: "लेकीला रंग आवडला नाही, पैसे परत करा." सोबतच्या फोटोत फॉल लावलेला आणि ब्लाऊजपीस कापलेला दिसत होता.

नकार लिहायला बसण्याआधी एक गोष्ट तपासा: माल सदोष आहे का, किंवा फोटोत दाखवला त्याहून वेगळा गेला आहे का? तसं असेल तर नकार देऊच नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असा माल विक्रेत्याला परत घ्यावाच लागतो, तुमच्या पावतीवर काहीही छापलेलं असो. आम्ही गोदामातली त्याच लॉटची साडी उजेडात फोटोशेजारी धरून पाहिली. रंग तोच होता. मगच लिहायला घेतलं.

मग ऑर्डरच्या दिवशी लागू असलेला नियम काढा, आजचा नाही. त्यातलं लागू पडणारं एकच वाक्य जसंच्या तसं उचला. अख्खी नियमावली चिकटवली की माणसाला वाटतं, हे आपल्याला टाळतायत.

आमचा ईमेल असा गेला:

"नमस्कार ताई,
लेकीसाठी हौसेने घेतलेली साडी तिला आवडली नाही, याचं वाईट वाटणं साहजिक आहे. फोटो नीट पाहिले.
या साडीचे पैसे आम्ही परत करू शकत नाही. ऑर्डरच्या वेळी दिलेला नियम असा: 'साडी मिळाल्यापासून ७ दिवसांत, घडी न मोडता आणि ब्लाऊजपीस न कापता परत करावी.' आपला ईमेल १२ व्या दिवशी आला आणि ब्लाऊजपीस कापलेला आहे.
विणकामात किंवा रंगात दोष वाटत असेल तर त्या जागेचा जवळून फोटो पाठवा, ते वेगळं तपासू."

यात पहिल्या परिच्छेदानंतर 'पण' नाही, हे मुद्दाम. "वाईट वाटतं, पण..." म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. पूर्णविराम द्या, मग नकार स्पष्ट सांगा. "सध्या शक्य दिसत नाही" असं लिहिलंत तर आठवड्याला एक ईमेल येत राहील. आणि "तुम्ही नियम वाचला नाहीत" हे तर लिहूच नका; तारीख आणि कापलेला ब्लाऊजपीस पुरेसं बोलतात.

शेवटचं वाक्य मात्र खरं असेल तरच लिहा. दोषाचा फोटो आला आणि दोष निघाला, तर पैसे द्यावे लागतील.

गिऱ्हाईक कन्नडमध्ये लिहीत असेल तर उत्तरही कन्नडमध्येच द्या. आमच्याकडे ते काम धाकटी जाऊ करते, ती गोकाकची.