नवीन कॉम्प्रेसरच्या मंजुरीचा मेमो: या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे कोटेशनमधला पेबॅक जसाच्या तसा मेमोत उतरवणे. विक्रेत्याला तुमचा कॉम्प्रेसर किती तास रिकामा फिरतो हे माहीत नसतं, आणि घाईतला नवखा इंजिनिअर ते विचारतही नाही.

कुपवाड एमआयडीसीतलं एखादं मशीनशॉप धरा. जुना 37 किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर, वर्षाचं वीजबिल साडेचौदा लाख. हवेच्या मागणीनुसार वेग बदलणारा व्हीएफडी कॉम्प्रेसर 14 लाखांचा, कोटेशनमध्ये 35 टक्के बचत. म्हणजे वर्षाला पाच लाख आणि पेबॅक पावणेतीन वर्षं. कागदावर झकास दिसतं.

आता कंट्रोलरवरचे तास वाचा. वर्षात एकूण 6000, त्यातले लोडवर 3600. उरलेले 2400 तास मशीन हवा न देता साधारण 12 किलोवॅट खातं, म्हणजे 28,800 युनिट. युनिटला 9 रुपये धरले तर 2.6 लाख. व्हीएफडीची खरी बचत मुख्यतः इथूनच येते. दाब स्थिर राहिल्याने थोडी भर पडते, पण ड्राइव्हही स्वतःची वीज खातो. फाउंडेशन, केबल, पाइपिंग, ड्रायर धरून खर्च 16 लाखांवर गेला की पेबॅक सहा वर्षांच्या पुढे. अकाउंट्सवाले हा हिशेब करतातच. त्यांनी करण्याआधी आपण केलेला बरा.

युनिटचा दर काढताना एकूण बिलाला युनिटने भागू नका. डिमांड चार्ज वीज वाचली म्हणून आपोआप कमी होत नाही. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर तो खर्चात धरू नका, पण रोकड किती लागेल ते वेगळं लिहा. जुन्या मशीनची विक्री किंमत वजा करा.

दुसरी चूक पर्यायांची. 'पर्याय तपासले' म्हणून तीन कंपन्यांची कोटेशनं जोडतात. हे पर्याय नव्हेत, एकाच पर्यायाचे तीन भाव आहेत. खरा पहिला पर्याय गळती काढण्याचा.

सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. तो किती वेळ लोड होतो आणि किती वेळ अनलोड, हे घड्याळ लावून दहा-बारा फेऱ्या टिपा. एक मिनिट लोड आणि तीन मिनिटं अनलोड निघालं, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या पाव हवा गळतीतच जाते. त्यातली निम्मी गळती कपलिंग, होस आणि ड्रेन व्हॉल्व्ह बदलून थांबली, तर लोडचे 750 तास कमी होतात. लोड आणि अनलोडमधल्या फरकाने तासाला 25 युनिट वाचले, म्हणजे वर्षाला जवळपास 1.7 लाख, आणि तेही किरकोळ खर्चात.

हे करून मगच कॉम्प्रेसरचा आकार ठरवा. गळती काढल्यावर 30 किलोवॅटचा पुरतो का, हे शिफ्टमधल्या सर्वाधिक मागणीच्या तासाला मोजून मेमोत लिहा, नाहीतर मंजुरी मोठ्या मशीनची मिळेल आणि ते निम्म्या भारावर फिरत राहील.