प्लँट व्हेंडरचा, चालवतो व्हेंडर, तरी लीज आहे का? ऑडिटआधीची तयारी

शिरोलीतल्या फाउंड्रीत आवारात व्हेंडरने सँड रिक्लेमेशन प्लँट टाकलेला असतो, बिल टनावर येतं आणि आपण ते डोळे झाकून सर्व्हिस चार्जेसमध्ये टाकतो. कंपनीला इंड एएस लागू असेल तर १ एप्रिल २०१९ पासून तसं चालत नाही, एएसवाल्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल.

आधी अॅग्रीमेंट सगळ्या अॅनेक्शरसकट काढून ठेवा. त्यात मशीनचा सिरियल नंबर नसला म्हणून सुटलो असं समजू नका, सर्व्हिस द्यायला व्हेंडरकडे तोच एक प्लँट असेल तर अॅसेट ठरलेलाच धरतात. मग बदलाचा क्लॉज बघा. "व्हेंडर केव्हाही प्लँट बदलू शकेल" हे वाक्य बहुतेक अॅग्रीमेंटमध्ये असतंच, पण फाउंडेशन खोदून, डक्टिंग उखडून दुसरा प्लँट बसवण्यात त्याचा खर्चापेक्षा फायदा जास्त आहे का ते परचेसवाल्याला विचारा, नसेल तर त्या हक्काला अर्थ नाही. बंद पडल्यावर बदलून देणं हाही तसला हक्क नव्हे.

नंतर गेटचं रजिस्टर आणि वजनकाट्याच्या पावत्या घ्या, शेजारच्या फाउंड्रीची वाळू इथे येते का हे तिथेच कळतं. जवळजवळ सगळा फायदा आपल्यालाच मिळत असला तरच पुढे जायचं, बाहेरचं काम बऱ्यापैकी येत असेल आणि व्हेंडरला तसा हक्क असेल तर विषय तिथेच संपला.

खरी मेख पुढे आहे. ऑपरेटर व्हेंडरचा म्हणून कंट्रोल त्याचा, असं सगळेच म्हणतात, मीही म्हणायचो. पण आज किती टन, कुठल्या शिफ्टला, रविवारी बंद की चालू हे आपला प्रॉडक्शनवाला रोज व्हॉट्सअॅपवर सांगतो ना, मग वापर आपणच ठरवतोय आणि हे लीज आहे. ते मेसेज सेव्ह करून ठेवा, ऑडिटर तेच मागतो.

आता आकडे. समजा ५ वर्षांचा करार, दर ९०० रुपये टन, महिन्याला किमान ८०० टनाचे पैसे द्यायचेच, म्हणजे ७.२ लाख पक्के. त्यात ऑपरेटर, वीज, मेंटेनन्सही आलं, म्हणून प्लँटचं भाडं आणि चालवायचा खर्च यांची वेगवेगळी कोटेशन मागवून ठेवा. समजा ती २.७ आणि ५.४ लाखांची आली, तर एकास दोन प्रमाणात लीजच्या वाट्याला २.४ लाख येतात. महिनाअखेरीचे ६० हप्ते, कर्जाचा दर १० टक्के धरला तर लायबिलिटी साधारण १.१३ कोटी बसते. ८०० टनांपेक्षा जास्त झालेल्या टनांचं बिल यात घ्यायचं नाही, ते त्या त्या महिन्याच्या खर्चात जातं. विभागणी नको असेल तर सगळे ७.२ लाख लीज धरायची मुभा आहे, पण मग लायबिलिटी तिप्पट, तेव्हा बँकेचे रेशो बघूनच ठरवा.