चौदाव्यानंतरचा मेसेज: या चुका टाळा

घरातलं माणूस गेल्यावर पहिले दहा-बारा दिवस फोनकडे बघायला कुणाला सवड नसते. येणारे-जाणारे, गुरुजींची यादी, दहाव्याचा घाट, चौदाव्याचं गोडजेवण. मग पाहुणे पांगतात, भाड्याच्या सतरंज्या परत जातात आणि घरात एक-दोन माणसं उरतात. तेव्हा फोन हातात येतो. याच सुमारास पाठवलेला चांगला मेसेज माणूस खरोखर वाचतो, आणि नेमका याच वेळी लोक वाटेल ते पाठवतात. (सगळ्यांकडे चौदावाच असतो असं धरू नका. कुठे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असतं, कुठे चाळीसावा, कुठे महिन्याची मिस्सा. ज्या घरी जो विधी असेल, तो उरकल्यानंतरच्या आठवड्यांबद्दल मी बोलतेय.)

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या मेसेजनं समोरच्याकडून काही मागू नये. उत्तरसुद्धा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण दहातले नऊ मेसेज काहीतरी मागतातच.

प्रश्न विचारणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

माझे मामा गेले तेव्हा गोडजेवणानंतर मी मामीकडे राहिले होते. मामी म्हणजे लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवणारी बाई. कुणी काय दिलं, आपण परत काय दिलं, सगळं तारखेनिशी. तिनं मेसेजांचीही तशीच वही केली. डाव्या बाजूला नाव, उजवीकडे उत्तर दिल्याची खूण. एका बोटानं टाइप करायची, ‘आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे.’ झालं, खूण केली. तेवढ्यात तिकडून यायचं, ‘आभार कसले मानता मामी! आता तब्येत कशी आहे? जेवताय ना नीट? धाकटा परत गेला का?’ की ते नाव पुन्हा वहीत. वही काही केल्या संपेना. एकीकडे मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायच्या, पेन्शनचे कागद जमवायचे, आणि रात्री अकरा वाजता ही बाई चष्मा लावून ‘हो, जेवते’ असं लिहितेय.

त्या सगळ्या ढिगात एक मेसेज वहीत गेला नाही. मामांच्या शाळेतल्या एका शिपायाचा होता. ‘निकालाच्या आदल्या दिवशी साहेब ऑफिसात कांदाभजी मागवायचे आणि पैसे कुणाला देऊ द्यायचे नाहीत. आज निकालाची तयारी चाललीय. भजी मागवली, वर्गणी काढून.’ मामीनं तो सुनेला वाचून दाखवला, मग मला, मग शेजारणीला. वहीत का नाही लिहिलास म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘यात उत्तर काय द्यायचं? त्यानं काही विचारलंच नाहीये.’

तेव्हापासून पाठवण्याआधी मी एकच बघते: हा मेसेज मामीच्या वहीत जाईल का? प्रश्नचिन्ह असेल तर जाईल. ‘काळजी घ्या’नं संपत असेल तरी जाईल, कारण त्यावर ‘हो, घेते’ म्हणावं लागतं. ‘सवडीनं उत्तर दे, घाई नाही’ हा तर नक्कीच जाईल. त्यात उत्तराची उधारी आहे, फक्त मुदत वाढवून दिलीय.

‘काही लागलं तर हक्कानं सांगा’

हे वाक्य म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यानं सगळं काम दुखवट्यातल्या माणसाच्या गळ्यात पडतं. काय लागेल ते त्यानं शोधायचं, कुणाला सांगावं ते ठरवायचं, समोरचा मनापासून म्हणाला होता की रीत म्हणून, याचा अंदाज घ्यायचा आणि मग तोंड उघडायचं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायची असते आणि ती सहसा झालेली असते. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बँक, विमा, पेन्शन, गॅसचं कनेक्शन अशी रांग लागते, आणि प्रत्येक खिडकीवर दाखल्याची प्रत मागतात. अशा वेळी मामीनं एका ‘हक्कानं सांगा’वाल्याला खरंच सांगितलं, की सोमवारी बँकेत सोबत याल का. तर म्हणे, ‘या आठवड्यात जरा गडबड आहे हो.’ तिनं नंतर कुणालाच काही सांगितलं नाही.

मदत करायचीच असेल तर मेसेजमध्ये ती विचारू नका. लहानशी, ठरलेली, करून मोकळं होता येईल अशी गोष्ट करा आणि केल्याचं कळवा. ‘मंगळवारी संध्याकाळी मुगाची खिचडी आणि कढी दाराच्या कडीला लावून ठेवलीय. बेल वाजवली नाही.’ आणि डबा स्टीलचा देऊ नका. आपल्याकडे रिकामा डबा परत करायची पद्धत नाही, त्यामुळे ती बाई तुमच्या डब्यात घालायला लाडू वळत बसेल. आइस्क्रीमचा जुना डबा घ्या, झाकणावर चिकटपट्टी लावून ‘परत नको’ असं लिहा. एवढंही जमणार नसेल तर मदतीचं नावच काढू नका. नुसती आठवण लिहा, तेवढी पुरते.

व्हॉइस नोट

अजिबात नको. पोहोच बंद करता येते म्हणतात, पण व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा बंद केल्या तरी व्हॉइस नोट ऐकली की पाठवणाऱ्याला माइकची खूण निळी झालेली दिसतेच. म्हणजे ऐकलंय हे लपत नाही. शिवाय ती ऐकायला एकांत लागतो आणि तुमचा गहिवरलेला आवाज झेलायची तयारी लागते. लिहायचा कंटाळा आला म्हणून माइक दाबणाऱ्यांबद्दल मला फार बोलायचं नाही.

तयार चित्र, फुलं, समई, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’

पहिल्या दिवशी चालून जातं. महिन्यानं पाठवाल तर वाटेल की तुम्हाला बातमी आत्ता कळली.

‘खंबीर राहा, मुलांकडे बघा’

ही सूचना आहे, सांत्वन नाही. खोडा.

फोटो

इथे खरा पेच आहे. तुमच्याकडे गेलेल्या माणसाचा सहलीतला एखादा छान फोटो असतो. न विचारता पाठवावा तर भाजी घेताना फोन वाजतो आणि समोर एकदम तो चेहरा येतो. ‘पाठवू का?’ असं विचारावं तर तो प्रश्न झाला. मी फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवते, पुतण्याला किंवा जावयाला, आणि लिहिते: ‘तुझ्याजवळ राहू दे, कधी विषय निघाला तर दाखव.’ वर्षश्राद्धाच्या वेळी मोठा करून लावायला फोटो शोधतातच, तेव्हा तो उपयोगी पडतो.

नाव न लिहिणं

दुखवट्याच्या काळात नवा फोन, नवं सिम, नंबर इकडचे तिकडे असं हमखास होतं. शिवाय बऱ्याचदा ज्या फोनवर तुम्ही लिहिता तो आता बायको किंवा मुलगा वापरत असतो आणि त्यांना तुम्ही माहीत नसता. ‘कोण?’ असं विचारायची वेळ त्यांच्यावर आणू नका. शेवटी नाव आणि ओळख लिहा.

आता एक मेसेज धरून दाखवते. आमच्या भाच्यानं सोसायटीतल्या एका काकूंना लिहिलेला कच्चा मसुदा हा:

‘काकू, कशा आहात? काकांची खूप आठवण येते. ते फार मोठ्या मनाचे होते. काही लागलं तर निःसंकोच सांगा. वेळ मिळाला की फोन करा. काळजी घ्या.’

सहा वाक्यं. एक प्रश्न, तीन कामं आणि एक प्रशस्तिपत्रक. ‘मोठ्या मनाचे’ हे कुणाच्याही बाबतीत म्हणता येतं, त्यामुळे त्यात काका कुठेच नाहीत. उरलं ‘आठवण येते’. मी विचारलं, कधी येते? कशानं येते? पोरगा जरा वैतागला, कारण त्याला दोन मिनिटांत उरकायचं होतं. मग म्हणाला, टाकीची मोटर लावतो तेव्हा. त्यातून हे निघालं:

‘काकू, आज टाकीची मोटर बंद करायला खाली गेलो. टाकी भरत आली हे काका घरात बसून आवाजावरून ओळखायचे आणि गॅलरीतून ओरडायचे, “अरे, सूर बदलला बघ!” आज मला पण तो सूर कळला. दुसऱ्या मजल्यावरचा अमोल.’

बस. पुढे काही जोडायचं नाही. ‘एवढंच सांगायचं होतं’ असंही नको, गोष्ट संपली की मेसेज संपला. त्यात एक प्रसंग आहे, तो फक्त त्याच माणसाचा आहे, आणि काकूंना तो वाचून हसायची किंवा रडायची मुभा आहे. अमोलला त्यातलं काहीही कळवायला नको.

वेळ कोणती, असं लोक विचारतात. चौदाव्यानंतर आठवडाभर जाऊ द्यावा, मग एक. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं एखादा. मासिक श्राद्धाच्या दिवशी नको, त्या दिवशी घरात गडबड असते. सण टाळू नका, पण ‘शुभेच्छा’ लिहू नका. पहिल्या दिवाळीला जवळचे नातेवाईक फराळ घेऊन जातातच, तुम्ही लांबचे असाल तर चार ओळी पुरेत. दुपारी पाठवा. पहाटे पाच किंवा रात्री बाराला फोन वाजला की त्या घराला अजून धसका बसतो.

आणि पाठवलात की सोडून द्या. निळ्या खुणा झाल्या का, ‘ऑनलाइन’ दिसूनही उत्तर का नाही, असलं बघत बसू नका. ‘मिळाला ना मेसेज?’ असं विचारणारे मी पाहिलेत. त्यांनी आधीचा मेसेजही पाठवला नसता तरी चाललं असतं. ग्रुपवर तर मुळीच लिहू नका. एकानं लिहिलं की चाळीस जण हात जोडतात आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर ‘धन्यवाद’ म्हणावं लागतं.

कधी तरी उत्तर येतं. दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी, बहुधा त्याच गोष्टीबद्दल: ‘हो रे, मोटरीवरून माझ्याशी पण भांडायचे.’ तेव्हा लगेच धावून ‘आता बरं वाटतंय का?’ विचारू नका. त्याच गोष्टीत एक ओळ घाला आणि थांबा. त्यांना पुढे बोलायचं असेल तर त्या बोलतील.

हे सगळं घरात माणसं असतील तिथे. एकटं राहिलेलं माणूस असेल, मेसेज दिवसेंदिवस वाचलेच जात नसतील, दूधवाला पिशव्या तशाच पडून असल्याचं सांगत असेल, तर तिथे मेसेजचं काम नाही. जिना चढा आणि दार वाजवा.